टेबल डुलतंय की गातंय? सर्वो आणि लोडच्या इनर्शियाचा हिशोब

वेंगुर्ल्याच्या रस्त्याला एक कोकम सरबताचं युनिट आहे. तिथल्या फिलिंग मशीनवर गेल्या मोसमात मला दोन दिवस घालवावे लागले. आठ खाचांचं गोल इंडेक्सिंग टेबल, खाली प्लॅनेटरी गिअरबॉक्स, त्याला 750 वॅटची सर्वो मोटर. टेबल 45 अंश फिरतं, थांबतं, नोझल खाली येऊन बाटली भरतं, पुन्हा 45 अंश. मशीनवरचे काका म्हणाले, "रिकामा असला की गप थांबता, भरला की डुलता." मालकांचा प्रश्न सरळ होता, मोटर लहान पडली का?

मोटर लहान पडली नव्हती. सर्वोच्या कामात नव्याने येणाऱ्यांची पहिली गफलत इथेच होते, म्हणून तेच मशीन घेऊन पूर्ण हिशोब मांडतो. कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन सोबत करा.

पायरी 1: टेबलाचं इनर्शिया काढा

इनर्शिया म्हणजे फिरणाऱ्या वस्तूची जागची न हलण्याची, आणि एकदा हलली की न थांबण्याची खोड. ती वजनावर अवलंबून असतेच, पण त्याहून जास्त ते वजन मध्यापासून किती लांब आहे यावर. अंतराचा वर्ग होतो, म्हणून कडेला ठेवलेली अर्ध्या किलोची वस्तू शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या पाच किलोच्या बॉसपेक्षा भारी पडू शकते.

आमची तबकडी अॅल्युमिनियमची, 600 मिमी व्यासाची आणि 12 मिमी जाडीची होती. वजन सुमारे 9.2 किलो. भरीव तबकडीला अर्धं वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग. बाटल्या आणि त्यांचे खाचे मध्यापासून 250 मिमीवर, तिथे पूर्ण वजन गुणिले अंतराचा वर्ग.

```
तबकडी   : 0.5 x 9.2 x 0.30^2         = 0.41 kg·m²
खाचे     : 8 x 0.3 x 0.25^2           = 0.15 kg·m²
बाटल्या  : 8 x 0.9 x 0.25^2           = 0.45 kg·m²
रिकामं टेबल = 0.56     भरलेलं टेबल = 1.01 kg·m²
```

बाटल्यांनी इनर्शिया जवळजवळ दुप्पट केलं. काकांच्या तक्रारीचं अर्धं उत्तर इथेच मिळालं, पण मशीन बसवणाऱ्याने हा हिशोब केला नव्हता. त्याने ट्यूनिंग रिकाम्या टेबलावर उरकलं होतं, कारण बसवलं तेव्हा बाटल्या आल्याच नव्हत्या.

एककांबाबत सावध राहा. मोटरच्या कॅटलॉगात इनर्शिया बहुधा kg·cm² मध्ये किंवा 10⁻⁴ kg·m² मध्ये असतं, ही दोन्ही एकच. जुन्या जपानी कॅटलॉगात GD² असं लिहिलेलं दिसलं, तर तो आकडा व्यासावरून काढलेला असतो. त्याला 4 ने भागा, नाहीतर पुढचं सगळं चौपट चुकेल.

पायरी 2: ते मोटरच्या बाजूला आणा

मोटरला टेबल थेट जाणवत नाही, गिअरबॉक्समधून जाणवतं. 20:1 गिअरबॉक्स असेल तर मोटरवर येणारा टॉर्क 20 पट कमी होतो. शिवाय टेबल मोटरपेक्षा 20 पट सावकाश वेग घेतं, म्हणून पुन्हा 20 पट कमी. एकूण भागाकार 20 चा नाही, 400 चा. गिअर रेशो दुप्पट केला तर मोटरला दिसणारं इनर्शिया चौथाई होतं, हे पक्कं लक्षात राहू द्या.

इथे 20:1 च लावला होता. 1.01 kg·m² म्हणजे 10,100 kg·cm². त्याला 400 ने भागलं की मोटरच्या बाजूला 25 kg·cm² येतात. या मोटरच्या रोटरचं स्वतःचं इनर्शिया 1.3 kg·cm². म्हणजे लोड मोटरच्या 19 पट. याच भागाकाराला इनर्शिया रेशो म्हणतात. (गिअरबॉक्सचं स्वतःचं थोडं इनर्शिया असतं, ते त्याच्या कॅटलॉगातून घेऊन मिळवायचं. आकडे सोपे राहावेत म्हणून मी इथे सोडलंय.)

आता टॉर्क बघा. 45 अंश अर्ध्या सेकंदात, निम्मा वेळ वेग वाढवत आणि निम्मा कमी करत. म्हणजे टेबलाचा सर्वात जास्त वेग 30 आरपीएम, मोटरचा 600. वेग वाढवायला मोटरला साधारण 0.67 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. मोटरचा रेटेड टॉर्क 2.39. म्हणजे 28 टक्क्यांवर काम भागतंय, मोटर हाताला कोमटसुद्धा लागत नाही. मालकांनी मोठ्या मोटरचा भाव मागवून ठेवला होता. तो कागद मी बाजूला ठेवायला लावला.

पायरी 3: 19 पट म्हणजे बिघडतं काय?

टॉर्क पुरतोय, तरी टेबल थांबताना डुलतं. का, ते समजायला जेटीवर उभा असलेला एक पोरगा डोळ्यांसमोर आणा. त्याने भरलेली होडी दोराने ओढायची आहे. दोर ताणतो, पोरगा पुढे जातो, होडी मात्र मागाहून येते. तो सावकाश ओढतो तेव्हा त्याला पूर्ण होडीचं वजन जाणवतं. तोच भराभर पुढेमागे झटके द्यायला लागला, तर होडी हलत नाही. दोर फक्त ताणतो आणि सैल होतो, आणि पोरग्याला स्वतःच्या अंगाचंच वजन जाणवतं.

मोटर आणि टेबल यांच्यामधला दोर म्हणजे गिअरबॉक्सचे दात, शाफ्ट आणि कपलिंग. लोखंडाचे असले तरी थोडे पिळतातच. सावकाश हालचालीत मोटरला 1.3 आणि 25 मिळून 26 kg·cm² दिसतात. एका ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वर मात्र टेबल सुटं पडतं आणि मोटरला फक्त स्वतःचे 1.3 दिसतात. ड्राइव्हचा वेग-लूप, म्हणजे मोटरचा वेग बघून चूक सुधारत राहणारा हिशोब, एकच गेन घेऊन बसलेला असतो. गेन म्हणजे चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं तो आकडा. 26 ला योग्य असलेला गेन 1.3 ला 20 पट जास्त पडतो.

आकड्यात सांगतो. आमचा वेग-लूप भरलेल्या टेबलावर 8 हर्ट्झपर्यंतच चढवता आला. त्याच्या 20 पट म्हणजे 160 हर्ट्झच्या आसपास. तिथे मोटर एकटी असल्यासारखी वागते, आणि ड्राइव्हचा फिल्टर, करंट लूप, मोटरची जागा मोजणाऱ्या एन्कोडरवरून वेग काढायला लागणारा वेळ, या सगळ्यांची दिरंगाई मिळून तिथपर्यंत लूप दमलेला असतो. गेन आणखी वाढवला की मशीन भुंग्यासारखं गुणगुणतं. कमी केला की टेबल डुलतं.

म्हणून तक्रार ऐकताना आधी हेच विचारा, डुलतंय की गातंय? डोळ्याला दिसणारं, सेकंदाला दोन-चार वेळा होणारं डुलणं म्हणजे इनर्शियाच्या मानाने गेन कमी पडलाय आणि साठलेली चूक भरून काढणारा इंटिग्रल घाई करतोय. कानाला ऐकू येणारं गाणं म्हणजे गेन वरच्या टोकाला लागलाय. ट्यूनिंगची जागा या दोन्हींच्या मध्ये असते. रेशो जितका मोठा, तितकी ती जागा अरुंद.

रिकाम्या टेबलावर ट्यून केलेलं मशीन भरल्यावर का डुललं, तेही आता उघड आहे. मोटरच्या बाजूला रिकामं टेबल 15 दिसतं, भरलेलं 26. गेन तोच, बोजा पावणेदोन पट, म्हणून लूप तितकाच मंद झाला. इंटिग्रल आणि पोझिशन गेन मात्र जुन्याच चपळाईवर बेतलेले राहिले. ट्यूनिंग नेहमी भरलेल्या टेबलावर करा आणि रिकाम्यावर तपासा.

पायरी 4: गिअर रेशो पुन्हा निवडा

मोटर फक्त 600 आरपीएमवर फिरत होती, तिला 3000 पर्यंत मुभा आहे. म्हणजे गिअर वाढवायला जागा होती. त्याच मापाचा, त्याच फ्लॅंजचा 40:1 गिअरबॉक्स मागवला. भागाकार आता 1600 ने, लोड 6.3 kg·cm², रेशो 4.9. मोटर 1200 आरपीएमवर गेली आणि टॉर्क 0.67 वरून 0.38 वर उतरला. टेबलाला बळ तेवढंच लागतंय, फक्त मोटरचा भार हलका झाला.

मग इनर्शिया रेशो 1:1 का नको? पुस्तकात तोच आदर्श म्हणून दिलेला असतो. ठरावीक टॉर्कमध्ये लोडला सर्वात जास्त प्रवेग 1:1 ला मिळतो, हे खरंच आहे. या टेबलासाठी तो गिअर 88 येतो. पण तिथे टॉर्क 0.29 लागतो, म्हणजे 40 च्या मानाने फरक नगण्य. आणि मोटर 2640 आरपीएमवर जाते, उद्या वेग वाढवायचा म्हटला तर जागा उरत नाही. गिअर आणि टॉर्कच्या या वळणाचा तळ सपाट आहे, बरोबर मध्यावर उभं राहायची गरज नसते. माझा सवयीचा नियम असा की थांबून अचूक काम करणाऱ्या टेबलाला रेशो 5 च्या आसपास आणायचा, आणि 10 च्या वर गेला तर पुन्हा कागदावर बसायचं.

हा आकडा कायदा नव्हे. मधला दोर किती ताठ आहे, त्यावर सगळं ठरतं. टेबल मोटरलाच थेट बोल्ट केलेल्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये रेशो बराच मोठा असला तरी मशीन शांत चालतं, आणि लांब टायमिंग बेल्टवर 5 सुद्धा गातो.

गिअरबॉक्स बदलता येत नसेल तर दुसरी वाट आहे. त्याच वॅटची, पण जास्त इनर्शियाची मोटर बऱ्याच कंपन्यांकडे मिळते. आपल्याकडे टॉर्क उरलेलाच होता, तेव्हा जड रोटर फिरवायला तो पुरला असता. तिसरी वाट फुकटातली. तबकडीच्या कडेच्या बाजूला, खाचांच्या मधोमध मोठी भोकं पाडा. मध्याजवळ पाडाल तर नुसतं ड्रिल झिजेल.

पायरी 5: ड्राइव्हला खरा आकडा सांगा

बहुतेक ड्राइव्हमध्ये इनर्शिया रेशोचं एक पॅरामीटर असतं. यास्कावाच्या सिग्मा मालिकेत Pn103, पॅनासोनिकच्या मिनासमध्ये Pr0.04, डेल्टाच्या आस्डामध्ये P1-37, मित्सुबिशीच्या एमआर-जे4 मध्ये PB06. यास्कावा आणि पॅनासोनिक हा आकडा टक्क्यांत मागतात, म्हणजे 4.9 पट असेल तर 490. डेल्टा आणि मित्सुबिशीत थेट पट लिहायचं, म्हणजे 4.9. एका कंपनीच्या सवयीने दुसरीकडे टक्के टाकले तर ड्राइव्ह तो आकडा घेत नाही, किंवा घेतलाच तर रेशो शंभर पट समजून गेन भलताच चढवतो, आणि सर्वो ऑन करताच मशीन किंचाळतं.

ऑटोट्यूनिंगने ड्राइव्ह स्वतः रेशो मोजतो, तो आधी केलेल्या हिशोबाशी ताडून बघा. 4.9 च्या जागी 4.5 किंवा 5.5 आलं तर ठीक. 9 आलं तर कुठेतरी घर्षण आहे, किंवा तुम्ही एखादं वजन विसरलात. आकडा जुळत नसताना पुढे जाऊ नका.

मग वेग-लूपचा गेन थोडा थोडा वाढवत जा. प्रत्येक पायरीला टेबल दहा-बारा वेळा इंडेक्स करून ऐका. गुणगुण सुरू झाली की तिथून साधारण तिसरा हिस्सा मागे या. आम्ही 20 हर्ट्झवर थांबलो. पोझिशन गेन वेग-लूपच्या चौथाईच्या आसपास ठेवतो. 20 हर्ट्झ म्हणजे 126 रेडियन प्रति सेकंद, त्याची चौथाई साधारण 30. आधी 8 हर्ट्झला तो 12.5 च होता.

थांबण्याचा वेळ थेट यातूनच निघतो. 12.5 ला एक भाग 1/12.5 सेकंदाचा, आणि चूक नगण्य व्हायला असे चार भाग लागतात, म्हणजे 0.32 सेकंद. 30 ला तेच 0.13 सेकंद. ड्राइव्हच्या ट्रेसमध्ये पोझिशन एररची रेघ लावली तेव्हा जवळपास हेच दिसलं. भरायला 1.6 सेकंद धरले तर आधी एका बाटलीला 2.42 सेकंद लागत होते.

एक ठरावीक फ्रिक्वेन्सी दाबणाऱ्या नॉच फिल्टरचा मोह इथेच होतो. गाण्याची फ्रिक्वेन्सी मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अॅपमध्ये चक्क शिखरासारखी दिसते. आमची 20:1 ला 113 हर्ट्झच्या आसपास होती, 40:1 ला 60 वर आली. नॉच लावला की आवाज जातो, पण त्याच्या खालच्या फ्रिक्वेन्सीला लूप थोडा उशिरा वागू लागतो. आधी रेशो आणि कपलिंग नीट करा, नॉच शेवटी, आणि एकच.

पायरी 6: एन्कोडरवर विसंबू नका

आता सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट. नवीन गिअरबॉक्सवर ड्राइव्ह 0.13 सेकंदात इन-पोझिशन सिग्नल देत होता, तरी नोझल खाली येताना बाटलीचं तोंड थरथरत होतं. एन्कोडर मोटरवर आहे. मोटर खिळल्यासारखी थांबली, तरी टेबल त्या दोराच्या टोकाला झुलत राहतं, आणि ते मोटरला कळत नाही. पोरगा जेटीवर घट्ट उभा राहिला तरी होडी थोडी पुढेमागे होतेच, तसं.

आम्ही मोबाइल 240 फ्रेमच्या स्लो मोशनला लावला आणि बाटलीच्या मानेवर मार्करने रेघ मारली. व्हिडिओत एका झोक्याला दहाएक फ्रेम लागत होत्या, म्हणजे झोका साधारण 25 हर्ट्झचा, 40 मिलिसेकंदांचा. ही फ्रिक्वेन्सी टेबल आणि मधला ताठपणा यांवरच ठरते, मोटर किंवा गेन यांवर नाही. गिअर रेशो बदलल्यावरही ती जागची हलली नव्हती. म्हणून ट्यूनिंगने ती जात नाही.

तिच्यावर उपाय हालचालीच्या आखणीत आहे. प्रवेग एका झटक्यात न देता 40 मिलिसेकंदांत चढवला, म्हणजे बरोबर एका झोक्याइतक्या वेळात, तर चढाच्या सुरुवातीने उठवलेला झोका शेवटाकडून मिटतो. ड्राइव्हमध्ये ही एस-कर्व्हची सेटिंग. इंडेक्सचा वेळ 0.50 चा 0.54 झाला, पण थरथर गेली. रिकाम्या टेबलाचा झोका 30 मिलिसेकंदांचा असल्याने तिथे किंचित उरते, पण रिकामं टेबल काही भरायचं नसतं. एकूण चक्र 2.27 सेकंद. मिनिटाला 24.8 बाटल्यांच्या जागी 26.4, आठ तासांत साडेसातशेच्या वर जादा.

बाटलीतलं सरबत उसळून सांडतं, ती गोष्ट वेगळी. तिचा झोका याहून कितीतरी सावकाश, सेकंदाला साडेतीन-चारचा. तो गेन बदलून जात नाही. बाटली थोडी कमी भरा किंवा आधी बूच लावा.

थांबलेलं टेबल गात असेल तर

कधी टेबल थांबलेलं असतानाही गुणगुणतं. अशा वेळी टॉर्क लिमिट 10 टक्क्यांवर आणा, सायकल बंद ठेवा, फक्त सर्वो ऑन, आणि टेबल कडेला हाताने एका बाजूला हलकेच दाबून धरा. आवाज बंद झाला तर गिअरमध्ये प्ले आहे. प्लेच्या जागेत दात टेकलेले नसतात, त्या क्षणी मोटर खरोखरच एकटी असते आणि गेन पुन्हा जास्त पडतो. रेशो लहान असेल तर हा फरकही लहान राहतो. दाबूनही आवाज तसाच राहिला तर दोष प्लेचा नाही, गेन वर आहे.

आणि आपल्या किनाऱ्याची गंमत. कपलिंगचे स्क्रू आणि चावीची खाच खाऱ्या वाऱ्याने आणि जून-जुलैच्या दमटपणाने गंजतात, पकड सैल होते. त्या युनिटच्या पॅनेलच्या दारावर आतून मी मार्करने लिहून ठेवलं होतं, "गाण्याची फ्रिक्वेन्सी 60". नारळी पौर्णिमेच्या सुमारास काकांचा फोन आला. "परत गाता हा रे." अॅपवर त्यांनी 52 वाचून दाखवले. 52 आणि 60 यांच्या गुणोत्तराचा वर्ग 0.75, म्हणजे ताठपणा चौथाईने घटलेला. एकही पॅरामीटर न बदलता कपलिंगचा क्लॅम्प उघडायला सांगितला. दोन स्क्रूंपैकी एक बोटाने फिरत होता.